उणे दोन लाख पंचेचाळीस हजार

वर्ष संपून सहा दिवस झाले होते. बँकेचा ताळमेळ झाला होता, स्टॉकची मोजणी जुळली होती, घसारा लावून झाला होता. माझ्या वाट्याला क्रेडिटर्स आले होते, म्हणजे कंपनी ज्यांचं देणं लागते त्या सगळ्या पुरवठादारांची खाती. अकाउंट्समधलं माझं हे दुसरंच वर्ष, आणि क्रेडिटर्सचं क्लोजिंग पहिल्यांदाच एकटीवर सोपवलेलं. तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींच्या यादीत, आकडा होता ८४,२०,००० जमा. पुरवठादारांच्या खात्यांची बेरीजही तेवढीच आली. जुळलं म्हणून मी त्या ओळीपुढे बरोबरची खूणही केली.

मग एजिंग काढलं. कुणाचं किती देणं किती दिवसांपासून थकलं आहे, हे दाखवणारा तो तक्ता. तीस दिवसांच्या आतलं, साठच्या आतलं, नव्वदच्या आतलं, असे रकाने पुढे सरकत जातात आणि शेवटचा रकाना असतो ३६५ दिवसांपेक्षा जुन्या देण्यांचा. त्या शेवटच्या रकान्याच्या तळाशी बेरीज होती उणे २,४५,०००.

मी बराच वेळ त्या वजाच्या चिन्हाकडे बघत राहिले. वर्षापेक्षा जुनं देणं थोडं असेल, फार असेल किंवा शून्य असेल. ते उणे कसं असेल? देणं उणे याचा अर्थ एकच, त्या ढिगात कुणीतरी असा आहे की ज्याचं आपण देणं लागत नाही, उलट तोच आपलं काहीतरी लागतो.

रकाना उघडला तर आत दोनच नावं निघाली. एक बांधकामाचा कंत्राटदार, त्याच्या बिलातून राखून ठेवलेले १,१५,००० अजून द्यायचे होते. ते बरोबर होतं, करारातच तसं लिहिलेलं होतं. दुसरा एक गिअरबॉक्स दुरुस्त करणारा कारखाना, त्याच्या नावावर ३,६०,००० डेबिट. म्हणजे तेरजेतले ते ८४,२०,००० हे खरं देणं नव्हतंच. खरं देणं होतं ८७,८०,०००, आणि त्यातून हे ३,६०,००० गुपचूप वजा होऊन बसले होते. बेरीज जुळली होती म्हणून मी खूण केली होती, पण बेरीज जुळते ती आत काय दडलंय याची पर्वा न करता. हे मला त्या दिवशी नीट कळलं.

त्या पुरवठादाराचं लेजर उघडलं. आत एकच नोंद होती. आदल्या वर्षाच्या अकराव्या महिन्यातली ९ तारीख, बँकेतून ३,६०,००० दिले, तपशिलात फक्त ‘ॲडव्हान्स’. बिल क्रमांक नाही, ऑर्डर क्रमांक नाही. पेमेंट ‘ऑन अकाउंट’ टाकलेलं, म्हणजे ते कशापोटी दिलं ते सॉफ्टवेअरला कधी सांगितलंच गेलं नव्हतं. त्यानंतर खात्यात काहीही नाही. जवळपास चौदा महिने ते खातं तसंच पडून होतं.

इतका काळ कुणाला दिसलं कसं नाही, याचा मी नंतर बराच विचार केला. आदल्या वर्षअखेरीला हा ॲडव्हान्स जेमतेम पन्नास-बावन्न दिवसांचा होता. एकतीस ते साठ दिवसांच्या रकान्यात तो होता, आणि त्या रकान्यात वीस-बावीस लाखांचं खरंखुरं देणं होतं. एवढ्या मोठ्या बेरजेतून साडेतीन लाख वजा झाले तरी कुणाच्या डोळ्यांना काही खुपत नाही. वर्षभर दर महिन्याला क्रेडिटर्सची जी यादी सरांकडे जायची ती सर्वात मोठ्या देण्यापासून खाली उतरणारी, पहिल्या वीस नावांची. डेबिट बॅलन्सवाला कायम यादीच्या तळाला. खात्यातली बाकी बरोबर आहे का ते विचारणारी पडताळणीची पत्रंही ज्यांना मोठी रक्कम द्यायची त्यांनाच गेली होती. ज्याला काही द्यायचं नाही, त्याला पत्र पाठवून विचारणार काय, असाच सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात पुरवठादारांच्या बाबतीत धोका असतो तो देणं कमी दिसण्याचा, आणि ते कमी दिसतं ते नेमकं शून्य आणि डेबिट बाकीच्या खात्यांत. मला विचाराल तर पत्रं तिकडे आधी जायला हवीत.

तर त्या संध्याकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, “सर, तीन लाख साठ हजार सापडलेत.”

माझं हे वाक्य चुकीचं होतं, आणि त्याचा त्रास पुढे तीन दिवस झाला. सरांनी ते जसंच्या तसं मोठ्या साहेबांना सांगितलं. साहेब खूश झाले. वर्षअखेरीच्या त्या आठवड्यात जिथे तिथे खर्चच निघत असतो, त्यात कुणीतरी पैसे सापडल्याचं सांगतंय. त्यांनी लगेच निरोप पाठवला की पुरवठादाराला कडक पत्र लिहा, आठ दिवसांत रक्कम परत मागवा. मी पत्राचा मसुदाही केला. ‘आपण आमची आगाऊ रक्कम चौदा महिने विनाकारण ठेवून घेतली आहे’ असं त्यात लिहिलं होतं.

पत्र जाण्याआधी आमच्या विभागातल्या सर्वात जुन्या मॅडमनी ते वाचलं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, “अगं, गिअरबॉक्स दुरुस्त झाला की नाही?”

मला माहीत नव्हतं.

“मग तू पैसे परत कशाचे मागतेस? आधी माल आला का ते बघ. काम झालं का ते बघ. जुना ॲडव्हान्स दिसला की दहातल्या आठ वेळा पैसे अडकलेले नसतात, बिल अडकलेलं असतं.”

मी ते पत्र बाजूला ठेवलं आणि पेमेंटचं व्हाउचर शोधायला फायलींच्या खोलीत गेले. व्हाउचरला एक प्रोफॉर्मा जोडलेला होता. प्रोफॉर्मा म्हणजे बिल नव्हे. काम करण्याआधी ‘इतके लागतील’ असं सांगणारा तो कागद. त्यावरून पैसे देता येतात, पण खर्च टाकता येत नाही. त्यात दोन बाबी होत्या. गिअरबॉक्स उघडून पूर्ण दुरुस्ती, बेअरिंगचा संच आणि ऑइल सील बदलणं, सगळं मिळून २,८५,०००. दुसरी ओळ, एक जादा वर्म शाफ्ट, स्पेअर म्हणून ठेवायला, ७५,०००. एकूण ३,६०,०००, आणि खाली अट, ‘संपूर्ण रक्कम आगाऊ’. कोपऱ्यात खरेदी विभागातल्या एका माणसाची सही होती. तो दहा महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता.

परचेस ऑर्डर नव्हती. मशीन बंद पडेल या भीतीने घाईत झालेलं काम, प्रोफॉर्मावरच मंजुरी घेऊन पैसे सोडलेले. ऑर्डर सिस्टिममध्ये असती तर ‘ऑर्डर उघडी आहे, माल आलेला नाही’ अशा यादीत ती दर महिन्याला डोकं वर काढत राहिली असती. ती नव्हती, म्हणून कुठल्याच यादीत हे नाव येत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, “आता कॉम्प्युटरसमोरून ऊठ. गेटवर जा.”

गेटवर दोन जाड रजिस्टरं असतात, आवक आणि जावक. बारा-तेरा महिन्यांपूर्वीची वही कपाटाच्या तळाशी होती. गेटवरच्या काकांनी ती काढून दिली आणि धूळ झटकत म्हणाले, “ताई, तारीख सांगा, नाव नको. नावं आम्ही ऐकू येतील तशी लिहितो.” ते खरंच होतं. मी आधी पुरवठादाराच्या नावाने पानं चाळली असती तर काहीच मिळालं नसतं, कारण वहीत त्याचं नाव अर्धंच आणि वेगळ्याच अक्षरांत होतं. मी आदल्या वर्षाच्या बाराव्या महिन्यापासून बोट फिरवत गेले. ३ तारखेला जावक : ‘गिअरबॉक्स १, दुरुस्तीसाठी, परत येणार’, पुढे गेटपासचा क्रमांक, टेम्पोचा नंबर, ड्रायव्हरची सही. मग आवकची वही. १९ तारखेला संध्याकाळी : ‘गिअरबॉक्स १, रिपेअर होऊन परत’. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, आणि शेजारच्या रकान्यात चलन क्रमांक. त्या चलनावर मेंटेनन्समधल्या सुपरवायझरची आद्याक्षरं होती.

मी त्या ओळीचा फोटो काढला, आणि तेव्हाच लक्षात आलं की सापडलेले पैसे माझ्या हातून निसटले आहेत. काम झालं होतं. गेलं वर्षभर ते मशीन त्याच गिअरबॉक्सवर चालत होतं. २,८५,००० ही मालमत्ता उरलेलीच नव्हती. तो खर्च होता, आणि तोही आदल्या वर्षाचा.

मेंटेनन्समध्ये जाऊन मशीनची लॉगबुक पाहिली. २० आणि २१ तारखेला गिअरबॉक्स बसवला, चाचणी घेतली, आवाज व तापमान ठीक, असं स्वच्छ लिहिलेलं. वर्म शाफ्टचं मात्र नाव कुठेच नाही. स्टोअरच्या बिन कार्डवरही तो कधी आल्याची नोंद नव्हती. गेटच्या वहीत पुढचे तीन महिने चाळले, तिथेही नाही. म्हणजे अर्धी बाब झालेली आणि अर्धी राहिलेली होती. हे एकाच आकड्यात मिसळून गेलं होतं म्हणूनच ‘सगळे परत मागा’ हेही चूक ठरलं असतं आणि ‘सगळं खर्चात टाका’ हेही.

दुरुस्तीची नोंद स्टोअरकडून अकाउंट्सला का आली नाही, याचंही उत्तर त्याच दिवशी मिळालं. विकत घेतलेला माल आला की स्टोअर त्याची माल-पावती करतं, तिची प्रत आमच्याकडे येते, आणि बिल आलं नसलं तरी वर्षअखेरीला त्या पावतीवरून आम्ही देण्याची तरतूद करतो. पण गिअरबॉक्स आमचाच होता. आपलीच वस्तू परत आली, तिची माल-पावती करायची पद्धत नाही. फक्त गेटपास बंद करतात. कामाची सही मेंटेनन्सने केली, वस्तू गेटने आत घेतली, आणि अकाउंट्सपर्यंत कागद पोचण्याची वाटच नव्हती. दुरुस्ती, सेवा, सल्ला अशा गोष्टींचे ॲडव्हान्स मालाच्या ॲडव्हान्सपेक्षा जास्त विसरले जातात ते यामुळेच.

आता पुरवठादाराला फोन केला. कडक पत्राऐवजी मी त्यांच्या अकाउंट्समधल्या माणसाला एवढंच विचारलं की तुमच्या पुस्तकात आमचं खातं काय दाखवतं. मुद्दामच आमचा आकडा आधी सांगितला नाही. आपण आकडा सांगितला की समोरचा माणूस बरेचदा तोच शोधायला लागतो, आणि आपल्याला हवी असते त्याच्या वहीतली स्वतंत्र नोंद.

दोन मिनिटं कागदांची सळसळ ऐकू आली. मग ते म्हणाले, “मॅडम, तुमचे पंच्याहत्तर हजार आमच्याकडे जमा आहेत. मी दोनदा मेल केला होता, शाफ्टचं काय करायचं म्हणून. उत्तरच नाही आलं.”

मेल कुणाला केले होते? खरेदीतल्या त्याच माणसाला. बिलही त्यालाच गेलं होतं, आदल्या वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या २१ तारखेचं, २,८५,००० चं. तो गेल्यावर त्याचा मेलबॉक्स बंद झाला. बिल पोस्टाने येण्याची गरज नव्हती, आठवण करून देण्याचीही पुरवठादाराला गरज नव्हती, कारण त्याचे सगळे पैसे आधीच मिळालेले. ज्याचं बिल थकलंय तो पुरवठादार रोज फोन करतो. ज्याला पूर्ण आगाऊ दिलंय तो का करेल? वर्षभर आमच्या कामाला आलेले हे फोन एका परीने आमची राखण करत असतात, हे तेव्हा जाणवलं.

त्यांनी बिलाची प्रत आणि आमच्या खात्याचा उतारा पाठवला. ताळमेळ एका कागदावर मावला. आमच्या पुस्तकाप्रमाणे आमचं येणं ३,६०,०००. त्यातून आमच्याकडे न नोंदलेलं बिल २,८५,००० वजा. राहिले ७५,०००, आणि त्यांच्या उताऱ्यातली बाकीही तेवढीच. एक पैशाचाही फरक नाही. (करांचा भाग मी इथे सोडून दिला आहे, तो जागोजागी वेगळा असतो.)

बिल नोंदण्याआधी मॅडमनी अजून एक गोष्ट करायला लावली. “हेच बिल दुसऱ्या कुठल्या नावाने नोंदलं नाही ना, आणि दुसऱ्यांदा पैसे दिले नाहीत ना, ते बघ.” मी पुरवठादारांच्या मास्टरमध्ये नावाने शोधणार होते, त्यांनी बँक खात्याच्या क्रमांकाने शोधायला सांगितलं. नाव तीन तऱ्हांनी लिहिता येतं, बँक खातं एकाच तऱ्हेने. तसं शोधल्यावर एकच कोड निघाला. मग २,८५,००० ही रक्कम वर्षभराच्या सगळ्या खरेदी व खर्चाच्या नोंदींत शोधली, तीही कुठे नव्हती. तेव्हा खात्री झाली. हे केलं नसतं आणि बिल आधीच दुसऱ्या कोडखाली नोंदलेलं असतं, तर खर्च दोनदा गेला असता आणि ॲडव्हान्सही नाहीसा झाला असता. आणि खातं शून्यावर आल्यामुळे सगळं व्यवस्थित दिसलं असतं.

मग साहेबांना सांगायची वेळ आली. तीन दिवसांपूर्वी ज्यांना साडेतीन लाख सापडल्याचं कळलं होतं, त्यांना आता सांगायचं होतं की नफा २,८५,००० ने कमी होणार आहे. सर माझ्यासोबत आले. मी गेटच्या वहीचा फोटो, लॉगबुकची प्रत, बिल आणि ताळमेळाचा कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी स्वाभाविक होता : “हे आहे तिथेच राहू दे ना. पुढच्या वर्षी बघू. तसंही पैसे कधीच गेलेत.”

मला उत्तर द्यायला भीती वाटली, पण दिलं. पैसे गेलेत हे खरं, पण ताळेबंद म्हणतोय की त्या पैशांच्या बदल्यात आपलं काहीतरी येणं आहे. आज आपल्याला माहीत आहे की त्यातल्या २,८५,००० चं काहीही येणं नाही. काल ती चूक होती, कारण ठाऊक नव्हतं. आजपासून तसंच ठेवलं तर ती चूक राहत नाही. सरांनी मान हलवली. साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ठीक आहे, ऑडिटरांना सांगा.”

ऑडिटरांशी बोलणं झालं ते दुसऱ्याच मुद्द्यावर. खर्च आहे हे त्यांनी कागद बघताच मान्य केलं. गिअरबॉक्स होता तसा चालू केला, त्याची क्षमता वाढली नाही, त्यामुळे तो मशीनच्या किमतीत धरायचा नाही, दुरुस्तीतच जाणार, यावरही वाद नव्हता. प्रश्न होता कुठल्या वर्षात टाकायचा याचा. काम आदल्या वर्षात झालेलं, बिलही आदल्या वर्षातलं. तेव्हा ही आदल्या वर्षाच्या हिशेबातली चूक. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस ८ प्रमाणे अशी चूक मोठी असेल, म्हणजे हिशेब वाचणाऱ्याचं मत बदलू शकेल एवढी असेल, तर आदल्या वर्षाचे तुलनेसाठी छापलेले आकडेच दुरुस्त करावे लागतात. तेवढी मोठी नसेल तर चालू वर्षात खर्च टाकला तरी चालतं.

मोठी की छोटी, हे कसं ठरवायचं? आदल्या वर्षाचा करपूर्व नफा १,४०,००,००० होता. २,८५,००० म्हणजे त्याच्या जवळपास २ टक्के. ऑडिटर बरेचदा करपूर्व नफ्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास विचाराला सुरुवात करतात, त्यापेक्षा हे बरंच खाली होतं. पण ते टक्क्यांवर थांबले नाहीत, आणि मला ते आवडलं. त्यांनी विचारलं की बँकेच्या कर्जाच्या अटींत नफ्याशी जोडलेलं एखादं गुणोत्तर आहे का, आणि हा खर्च तेव्हा धरला असता तर ते मोडलं असतं का? कुणाचा बोनस आदल्या वर्षाच्या नफ्यावर ठरला होता का? मी दोन्ही तपासून दाखवलं. गुणोत्तर मोडत नव्हतं, बोनस उत्पादनावर होता, नफ्यावर नव्हता. तेव्हा चालू वर्षात टाकायचं ठरलं, आणि ऑडिटरांनी दुरुस्त न केलेल्या चुकांच्या त्यांच्या यादीत आदल्या वर्षापुढे ती रक्कम लिहून घेतली.

नोंद साधीच होती. दुरुस्ती खर्च नावे २,८५,०००, पुरवठादाराचं खातं जमा २,८५,०००. तपशिलात मी बिल क्रमांक, बिलाची तारीख, गेटपास क्रमांक आणि ‘ॲडव्हान्समधून वळता’ असं पूर्ण लिहिलं. एका ‘ॲडव्हान्स’ या शब्दाने आम्हाला एवढं हिंडवलं होतं, माझ्यानंतर जो कुणी हे उघडेल त्याला हिंडावं लागू नये.

मेंटेनन्सचे प्रमुख मात्र नाराज झाले. “आदल्या वर्षाचं काम, मग माझं या वर्षाचं बजेट का फुगवता?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. हिशेबाच्या दृष्टीने रक्कम छोटी असली तरी त्यांच्या विभागाच्या दृष्टीने ती छोटी नव्हती. म्हणून बजेटच्या तुलनेच्या अहवालात ती ‘मागील वर्षाशी संबंधित दुरुस्ती’ अशी वेगळ्या ओळीत दाखवली.

राहिले ७५,०००. पुरवठादाराने लेखी कळवलं की तो शाफ्ट आता ते बनवत नाहीत, त्यामुळे रक्कम परत करतील. इथे एक बारीक फरक पडतो. शाफ्ट येणार असता तर ते ‘पुरवठादारांना दिलेले ॲडव्हान्स’ राहिले असते, त्याच्या बदल्यात वस्तू मिळणार होती. आता वस्तू येणार नाही, रोख येणार, म्हणून ते ‘इतर येणं’ झालं. पत्र वर्ष संपल्यानंतरचं होतं, पण हिशेबावर सह्या होण्याआधी आलेलं, आणि ज्या परिस्थितीबद्दल ते होतं ती वर्षअखेरीला अस्तित्वात होतीच. तेव्हा पुरावा म्हणून ते वापरता आलं. बुडीत धरण्याची गरज पडली नाही. दोन्हीपैकी काहीही झालं तरी क्रेडिटर्सच्या बेरजेतून त्याने बाहेर पडणं गरजेचं होतं. एकाचं येणं दुसऱ्यांच्या देण्यातून वजा करून दाखवता येत नाही. ताळेबंदात क्रेडिटर्स ८७,८०,००० गेले आणि पलीकडच्या बाजूला येणं ७५,००० आलं.

तक्त्यात आणखी चार डेबिट बॅलन्स निघाले. तीन साध्या गोष्टी होत्या, माल परत केल्याच्या नोंदी पुढच्या बिलात वळत्या व्हायच्या होत्या. चौथ्यात एका पुरवठादाराचं बिल दुसऱ्याच्या नावावर चढलं होतं. अर्ध्या दिवसाचं काम.

त्यानंतर मी सरांना विचारून दोन गोष्टी सुरू केल्या. ॲडव्हान्सचं पेमेंट ‘ऑन अकाउंट’ टाकता येणार नाही, ऑर्डर क्रमांक आणि काम कधी अपेक्षित आहे ती तारीख द्यावीच लागेल. आणि दर महिन्याला क्रेडिटर्सच्या यादीसोबत फक्त डेबिट बॅलन्सची एक वेगळी यादी, तळापासून वर जाणारी. दुरुस्तीला बाहेर गेलेली वस्तू परत आली की गेटपासची एक प्रत आता अकाउंट्सकडेही येते.

पाच आठवड्यांनी बँकेत ७५,००० आले. विवरणात पुरवठादाराचं नाव अर्धंच तुटून आलेलं, पुढे नुसते आकडे. बँकेच्या नोंदी करणाऱ्या नव्या मुलाने ते ‘इतर उत्पन्न’ मध्ये टाकलं होतं. कुणाकडून आलं ते कळत नाही, येणं कुणाकडे दिसत नाही, मग उत्पन्नच, असं त्याला वाटलं. मी त्याला शेजारी बसवलं, ती नोंद उलटवली, आणि ‘इतर येणं’ मधलं ते खातं उघडून त्यालाच रक्कम जमा करायला सांगितलं. बाकी शून्य झाली. मग मी त्याला गेटच्या वहीचा तो फोटो दाखवला, निळ्या बॉलपेनातली ओळ, आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.